डिस्टेंपरच्या भिंतीवरचे डाग आणि सभागृहातले ते ठिगळ

आपल्या सभागृहात शिरल्यावर उजव्या हाताच्या भिंतीवर जो मोठा सूचनाफलक आता लागला आहे, तो तिथे का लागला, असे गेल्या महिन्यात दोन-तीन सभासदांनी विचारले. खरे कारण सांगायला थोडी लाज वाटते. फलकाच्या मागे आम्ही स्वतःच्या हाताने केलेले एक ठिगळ आहे. गणेशोत्सवाच्या चार दिवस आधी, स्विचबोर्डाशेजारचे हातांचे डाग पुसून टाकू, म्हणून आम्ही कपडे धुण्याच्या पावडरचे पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी घेऊन भिडलो. डाग गेला. पण त्याच्या जागी हातभर लांबीचा पांढुरका, कडेने तपकिरी रेघ असलेला, एखाद्या बेटाच्या नकाशासारखा पट्टा उमटला. आधीचा डाग जवळ गेल्यावर दिसत होता, हा दारातून दिसू लागला.

त्यानंतर रंगारी बोलावला. त्याने भिंतीकडे पाहून एवढेच विचारले, "धोया किसने?" मग त्याच्याकडून, आणि पुढच्या दोन महिन्यांत मागची भिंत नीट करताना, जे कळले ते इथे मांडत आहोत. इंदूरमधल्या आपल्या बहुतेक जुन्या घरांत आजही निदान एक-दोन खोल्यांना डिस्टेंपरच आहे, आणि दिवाळीच्या पुताईआधी "जरा पुसून घेऊ" हा मोह प्रत्येक घरात होतो.

भिंतीवर नेमके काय आहे

पुसायला घेण्यापूर्वी भिंतीवर कोणता रंग आहे हे कळले पाहिजे. डिस्टेंपर दोन प्रकारचा असतो. जुना, पावडरच्या पिशवीतून येणारा सुका डिस्टेंपर म्हणजे खडूची भुकटी, थोडा रंग आणि सरस. तो पाण्यात कालवून लावायचा. सरस पाण्यात पुन्हा विरघळतो, त्यामुळे या भिंतीला ओले फडके लावणे म्हणजे रंग परत कालवायला घेणे. दुसरा डब्यातून घट्ट लेपासारखा येतो. त्याला आपल्याकडे ऑइल बाउंड डिस्टेंपर म्हणतात. त्यात बांधून ठेवणारे द्रव्य म्हणून पूर्वी जवसासारखे वाळणारे तेल असे, आता बहुधा अ‍ॅक्रिलिक असते. तो वाळल्यावर पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याला "वॉशेबल डिस्टेंपर" असेही म्हणतात. घोटाळा सुरू होतो तो इथे. भारतीय मानकांतही सुक्या डिस्टेंपरचा क्रमांक आयएस ४२७ आणि वॉशेबल डिस्टेंपरचा आयएस ४२८ असा वेगळा आहे. पण या "वॉशेबल"चा अर्थ ओल्या फडक्याने हलकेच टिपला तर रंग हातात येणार नाही, इतकाच घ्यायचा. घासणीने घासता येईल, असा तो नाही. आम्ही डब्यावरचा तो शब्द वाचला होता, आणि त्याच भरवशावर घासले.

डबा कुणी जपून ठेवलेला नसतो, तेव्हा भिंतीलाच विचारायचे. कपाटामागे किंवा दाराच्या आड, जिथे कुणाची नजर जात नाही, अशा जागी कोरडे बोट जरा दाबून फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर सुका डिस्टेंपर किंवा चुना समजावा. बोट कोरडे राहिले तर पांढरे सुती फडके ओले करून घट्ट पिळा आणि त्याच जागी आठ-दहा वेळा अलगद फिरवा. फडक्यावर रंग थोडासा आला तर ऑइल बाउंड डिस्टेंपर. काहीच आले नाही, तर बोटाने पाण्याचा एक थेंब भिंतीला लावून पाहा. डिस्टेंपर तो थेंब पिऊन टाकतो आणि तेवढी जागा गडद दिसते. इमल्शनवर थेंब टिकतो आणि खाली ओघळतो. सगळी परीक्षा पाच मिनिटांची आहे. ती न केल्यामुळेच आम्हांला फलक लावावा लागला.

ठिगळ का पडते

ही गोष्ट समजली की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात, म्हणून इथे जरा थांबतो.

शेंगदाण्याची चिक्की आणि गूळ कमी पडलेला शेंगदाण्याचा लाडू डोळ्यांसमोर आणा. चिक्कीत पाक इतका असतो की दाण्यादाण्यांमधली सगळी फट भरून जाते आणि वर गुळगुळीत काचेसारखा थर येतो. लाडवात गूळ जेमतेम दाणे एकमेकांना चिकटण्यापुरता, मध्ये सगळ्या पोकळ्या, आणि बोट फिरवले की कण सुटतात. डिस्टेंपर हा असा लाडू आहे. त्यात खडू भरपूर आणि बांधणारे द्रव्य थोडे. म्हणून तो स्वस्त पडतो, भिंत झाकतो, छान मऊ, चकाकी नसलेला दिसतो, आणि म्हणूनच त्याच्या अंगात असंख्य बारीक छिद्रे असतात. डाग या छिद्रांत शिरतो. तो वर बसलेला नसतो, आत गेलेला असतो.

आता त्यावर ओले फडके फिरवले की एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात. वरचे कण सुटतात आणि रंगाचा थर तेवढ्या जागी पातळ होतो. जे कण सुटत नाहीत ते दाबले जाऊन गुळगुळीत होतात, म्हणून बाजूने उजेड आला की ती जागा चमकते. पाणी छिद्रांतून डागाच्या बाहेर पसरते, जाताना मळ बरोबर नेते, आणि जिथे पसरणे थांबते व पाणी वाळते तिथे तो मळ सोडून देते. टेबलावर सांडलेला चहा वाळल्यावर कडेला गडद कडे उरते, तीच ही तपकिरी रेघ. शिवाय साबणाचा अंश छिद्रांत राहतो. तो थोडा चिकट असतो आणि पुढच्या काही महिन्यांत त्याच जागी धूळ जास्त धरते.

या सगळ्याहून साधे असे आणखी एक कारण आहे, आणि ते आमच्या सगळ्यांत उशिरा लक्षात आले. पाच वर्षांची भिंत सगळीकडून सारखीच मळलेली असते. तो मळ डोळ्याला मळ म्हणून दिसत नाही, भिंतीचा रंगच तसा वाटतो. कॅलेंडर काढल्यावर मागे जो उजळ चौकोन निघतो तो खरा रंग. तेव्हा तुम्ही डाग अगदी उत्तम काढलात, एक कणही रंग न सोडता, तरी ती जागा आजूबाजूपेक्षा उजळ दिसणारच. म्हणजे पुष्कळदा ठिगळ हे चांगल्या सफाईचेच असते. उपाय दोनच. डाग इतपतच फिका करायचा की तो आजूबाजूच्या रंगात मिसळेल, किंवा मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत पुसायची. भिंतीच्या मधोमध थांबायचे नाही.

आधी सगळे कोरडे

डिस्टेंपरच्या सफाईत निम्म्याहून अधिक काम पाणी न लावता होते. पंखा बंद करून, खिडक्या उघडून, लांब दांड्याच्या झाडूला जुने मऊ बनियन बांधायचे आणि छतापासून खाली अशी सरळ एका दिशेने धूळ उतरवायची. मागे-पुढे घासायचे नाही. बनियन काळे झाले की उलटून घ्यायचे, नाहीतर वरची धूळ खाली माखली जाते. एवढ्यानेच भिंत एक छटा उजळते आणि जे "डाग" वाटत होते त्यांतले काही जाळी आणि धूळ निघतात.

त्यानंतर पाव. ऐकून हसू येईल, पण कागद लावलेल्या आणि रंगवलेल्या भिंतींसाठी हा फार जुना उपाय आहे. एक दिवसाचा शिळा साधा पाव घ्यायचा, लोणी किंवा मस्का न लागलेला. कडा काढून आतला पांढरा मऊ भाग मुठीत धरायचा आणि डागावरून वरून खाली हलके ओढायचा. चुरा पडत जातो आणि पडताना मळ घेऊन जातो. ताजा पाव ओलसर असतो, तो माखतो. फार वाळलेला पाव ओरखडे काढतो. स्विचबोर्डाभोवतीचे हातांचे मळकट डाग, पेन्सिलीच्या रेघा, खुर्च्यांच्या पाठी लागून उमटलेल्या राखाडी रेषा याने पुष्कळ फिक्या होतात. पेन्सिलीसाठी चित्रकलेचे मऊ पांढरे खोडरबरही चालते. शाळेतले रंगीत रबर नको, ते स्वतःचाच रंग सोडते. काम झाल्यावर चुरा लगेच झाडून घ्या, नाहीतर सकाळी मुंग्यांची रांग असते. आमच्याकडे होती.

समईची आणि उदबत्तीची काजळी मात्र पावानेही घासायची नाही. काजळीचे कण अतिशय बारीक आणि तेलकट असतात, बोट लागले तरी काळा ओघळ उमटतो. तिच्यासाठी कणीक. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, तेलाचा थेंबही न घालता, चिमूटभर मीठ टाकून मळलेला गोळा घ्यायचा. तो काजळीवर दाबायचा आणि उचलायचा. ओढायचा नाही, फिरवायचा नाही. काळी बाजू आत दुमडून पुन्हा दाबायचा. हाताला कणीक चिकटत असेल तर भिंतीलाही चिकटेल, तेव्हा आणखी पीठ घालावे. मुले ज्या रंगीत "प्ले-डो"शी खेळतात, तोही मुळात अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांची काजळी भिंतीच्या कागदावरून काढण्यासाठी केलेला पिठाचाच गोळा होता. खेळणे म्हणून तो १९५६ मध्ये विकायला आला.

सुक्या डिस्टेंपरच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर इथेच थांबायचे. एवढे करून जो डाग राहील तो पुताईलाच जाईल. पाण्याने तो कमी होत नाही, मोठा होतो.

ऑइल बाउंड डिस्टेंपरला पाणी कसे लावावे

परीक्षेत भिंत ऑइल बाउंड ठरली असेल आणि कोरड्या उपायांनी समाधान झाले नसेल, तर पाणी लावता येते. पण किती? अर्धा लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब, याहून अधिक नाही. कपडे धुण्याची पावडर नको, सोडा नको, लिंबू-व्हिनेगर तर नकोच. खडूला आम्ल लागले की तो फसफसून विरघळतो आणि डागाऐवजी खड्डा मिळतो. दुसऱ्या भांड्यात नुसते स्वच्छ पाणी आणि हाताशी तीन-चार पांढरी सुती फडकी ठेवा. रंगीत फडके नको, त्याचाच रंग उतरला तर कळायचे नाही.

फडके साबणाच्या पाण्यात बुडवून इतके पिळायचे की दाबले तरी थेंब पडू नये. डागाच्या बाहेरून आत, मध्याकडे, असे टिपत जायचे. टिपायचे म्हणजे दाबून उचलायचे. तीन-चार वेळा टिपले की फडक्याची दुसरी बाजू. मग स्वच्छ पाण्याच्या फडक्याने तसेच टिपून साबण काढायचा. शेवटी कोरड्या फडक्याने ओल शोषून घ्यायची. ओली जागा संपते त्या कडेला पिळलेल्या स्वच्छ फडक्याने वीतभर बाहेरपर्यंत अलगद फिरवून ती कड विरघळवून टाकायची, म्हणजे रेघ एका जागी साचत नाही. आणि मग भिंतीपासून दूर जायचे. ओला डिस्टेंपर गडद दिसतो, त्यामुळे काम चालू असताना डाग गेला की राहिला हे कळतच नाही. पूर्ण एक दिवस वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पाहा. आमचे पहिले ठिगळ हे बरेचसे "अजून दिसतोय, अजून एकदा घासू" याचे फळ होते.

सगळी भिंत पुसायची ठरली तर दोन फुटांचे उभे पट्टे करून, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत थांबू नये. ओल्या कामात प्रत्येक पट्टा खालून वर न्यायचा. हे उलटे वाटते, पण वरून सुरुवात केली तर मळकट पाण्याचे ओघळ खालच्या कोरड्या भिंतीवर उतरतात, भिंत ते शोषून घेते, आणि त्या ओघळांच्या रेघा पुढे काही केल्या जात नाहीत. खालची भिंत आधीच ओली असेल तर ओघळ तिच्यावरून घसरून जातो. दोघांनी मिळून केले तर बरे. एक पुसतो, दुसरा कोरडे करतो.

बॉलपेनची शाई, स्केचपेन, हळदीचे हात हे डाग डिस्टेंपरवरून काढायच्या भानगडीत पडू नये. स्पिरिटने शाई निघते खरी, पण निघून कुठे जाते? शेजारच्या छिद्रांत. निळ्या रेघेचा निळा ढग होतो. तसेच खालून वर चढलेली ओल आणि लोणा. त्यावरची पांढरी पावडर कोरड्या ब्रशने झाडावी, पाणी अजिबात लावू नये, आणि पाणी कुठून येते ते आधी शोधावे.

मागच्या भिंतीची गोष्ट

आता ज्या भिंतीने आम्हांला खरे काम लावले ती. सभागृहाच्या मागच्या बाजूची ही भिंत बावीस फूट लांब आहे आणि तिला लागून खुर्च्यांची शेवटची रांग असते. कार्यक्रमाला उशिरा येणारे आणि लवकर निघायची सोय हवी असलेले तिथे बसतात, आणि डोके मागे टेकून ऐकतात. वर्षानुवर्षांच्या खोबरेल आणि आवळ्याच्या तेलाचे सुमारे चार फूट उंचीवर एकापुढे एक अकरा गोल डाग पडले होते. खुर्च्याही अकराच.

तेलाचा डाग हा डिस्टेंपरला सर्वांत कठीण. खोबरेल तेल वाळून कडक होत नाही. ते द्रवच राहते आणि छिद्रांतून हळूहळू आत-आत जात राहते. सुमारे २४ अंशांच्या खाली ते थिजते, म्हणून थंडीत डाग जरा कमी दिसतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. साबणाच्या पाण्याने ते पूर्ण निघत नाही. आम्ही आधी दोन डागांवर कोरडा उपाय करून पाहिला. डागावर टीपकागद ठेवून इस्त्री सर्वांत कमी उष्णतेवर पाच-सहा सेकंद दाबायची, कागद सरकवून पुन्हा दाबायची. पातळ झालेले तेल कागदात उतरते आणि कागदावर पारदर्शक ठिपका दिसतो. ठिपका उमटेनासा झाला की थांबायचे. मग पांढऱ्या खडूची बारीक पूड कापसाने दाबून लावायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी मऊ ब्रशने झाडायची. ताज्या डागावर हे फार छान चालते. घरी पलंगाच्या डोक्याकडे महिन्या-दोन महिन्यांचा डाग असेल तर नक्की करून पाहा. आमच्या जुन्या डागांवर मात्र निम्मेच यश आले. फिके झाले, गेले नाहीत.

मग कुणीतरी सुचवले की तेवढ्या गोलांवर उरलेल्या डब्यातला रंग मारून टाकू. रंगाऱ्याने नको म्हटले आणि दोन कारणे दिली. तेल नव्या डिस्टेंपरमधूनही वर येते, पंधरा दिवसांत गोल पुन्हा उमटतात. आणि डबा तोच असला तरी भिंत आता ती नाही. पाच वर्षांच्या धुळीने आणि उजेडाने तिची छटा बदललेली आहे, त्यामुळे अकरा मळकट गोलांच्या जागी अकरा स्वच्छ गोल मिळतील. डिस्टेंपरला डागडुजीचा हात मारायचाच असेल तर तो पूर्ण भिंतीला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

शेवटी ठरले ते असे की वरची भिंत आहे तशी ठेवायची आणि जमिनीपासून पाच फुटांपर्यंतचा पट्टा, बावीस फूट पूर्ण लांबीचा, धुता येणाऱ्या इमल्शनचा करायचा. पट्टा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेला की तो ठिगळ वाटत नाही. जुन्या घरांत कमरेइतका ऑइलपेंटचा पट्टा असे, त्याचेच हे नवे रूप म्हणा.

इमल्शन वेगळे कशात

चिक्कीकडे परत येऊ. इमल्शनमध्ये अ‍ॅक्रिलिकचे अतिशय बारीक गोळे पाण्यात तरंगत असतात. भिंतीवर लावल्यावर पाणी उडून जाते, गोळे एकमेकांवर दाबले जातात आणि एकजीव होऊन सलग पापुद्रा बनतो. एकदा एकजीव झाले की पाण्याने ते पुन्हा सुटे होत नाहीत. चांगल्या इमल्शनमध्ये हे द्रव्य इतके असते की रंगाच्या आणि खडूच्या कणांमधल्या फटी भरून जातात. डाग वरच राहतो, म्हणून वरूनच पुसला जातो. फरक आहे तो हा.

म्हणूनच "इमल्शन" एवढ्या शब्दावर भागत नाही. स्वस्त इमल्शनमध्ये खडू वाढवून अ‍ॅक्रिलिक कमी केलेले असते आणि ते वागायला डिस्टेंपरच्या जवळ जाते. दुकानात विचारायचे ते हे की धुता येते का, आणि किती घासले तर टिकते. थोडी चकाकी असलेले इमल्शन जास्त पुसता येते, पण भिंतीचे उंचसखल सगळे उघडे पाडते. अगदी मॅट इमल्शन सुंदर दिसते, पण एकाच जागी जोराने घासले तर तेवढी जागा चमकू लागते. म्हणजे तिथेही ठिगळ पडू शकते, फक्त रंग निघाल्याचे नाही, चकाकीचे. आम्ही मधली, हलकी चकाकी घेतली.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे इमल्शन डिस्टेंपरवर सरळ मारता येत नाही. भुकटी होणाऱ्या थरावर सलग पापुद्रा बसवला तर तो वाळताना आणि नंतर हवेच्या उष्ण-थंडीने ओढला जातो आणि खालच्या भुकटीसकट सुटून पोपडे पडतात. भिंतीवर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्याने ओढा. पट्टीवर रंग आला तर तो थर काढावाच लागेल. आमच्या पट्ट्यावर तो आला. मग रंगाऱ्याने सैल थर पत्र्याने खरवडला, पॉलिश पेपर मारला, ओल्या स्पंजाने भुकटी धुऊन काढली आणि दोन दिवस वाळू दिले. तेलाच्या अकरा जागा साबणाने पुसून, वाळवून, त्यांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडी लाखेचे दोन हात दिले. लाखेच्या थरातून तेल वर येत नाही. त्यावर प्रायमर, खळग्यांना पातळ पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर, आणि मग इमल्शनचे दोन हात, मध्ये चार-पाच तास ठेवून. म्हणजे रंग लावायला एक दिवस आणि तयारीला सहा. इमल्शन महाग पडते ते डब्यापेक्षा या सहा दिवसांमुळे.

वरची कड सरळ यावी म्हणून मास्किंग टेप लावायची हौस आम्हांला होती. पण वर डिस्टेंपर आहे, टेप काढताना तोच निघून आला असता. त्याऐवजी जोडाच्या रेषेवर दोन इंची लाकडी पट्टी ठोकून घेतली. रेषा झाकली गेली. आणि खुर्च्यांच्या पाठीच्या उंचीवर दुसरी पट्टी ठोकली, म्हणजे खुर्च्या भिंतीला घासत नाहीत.

नव्या इमल्शनला पहिले तीन-चार आठवडे ओले फडके लावू नये. हाताला ते तासाभरात कोरडे लागते, पण आतून पक्के व्हायला एवढे दिवस घेते. त्यानंतर अर्धी बादली पाण्यात छोटा चमचाभर द्रव साबण, मऊ स्पंज, खालून वर, आणि मग स्वच्छ पाण्याचे फडके. महिन्यातून एकदा एवढे केले की डोक्यांचे डाग धरतच नाहीत. हिरवी घासणी, थिनर, घासायची पावडर इथेही नको.

हे वाचून कुणी जुन्या वाड्यातल्या सगळ्याच भिंतींना इमल्शन काढायला निघाले असेल तर एक सांगायचे राहिले. चुन्याच्या जाड, खालून ओल घेणाऱ्या भिंतीला डिस्टेंपर किंवा चुनाच बरा. त्याच्या छिद्रांतून ओल बाहेर पडते. वरून सलग पापुद्रा घातला की ती आत अडकते आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फुगे येतात. राजवाड्याच्या आसपासच्या दोन घरांत हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिथे डाग पडला तर पाव, कणीक, आणि दिवाळीला एक हात चुन्याचा.

मागच्या भिंतीच्या इमल्शनचा क्रमांक, छटेचे नाव आणि तारीख लाकडी पट्टीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, आणि उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत कार्यालयाच्या कपाटात आहे. उजव्या भिंतीचे ठिगळ मात्र तसेच आहे. ती भिंत पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात घेतली आहे. तोवर फलकावरच्या सूचना वाचाव्यात, फलक हलवू नये.